चष्म्यावरचं दव

आज आपण चष्म्याबद्दल बोलणार आहोत. नंबराबद्दल नाही आणि फ्रेमच्या फॅशनबद्दलही नाही. थंडीच्या दिवसांत चष्म्यावर जी वाफ धरते आणि समोरचं सगळं दुधासारखं पांढरं होतं, तिच्याबद्दल बोलायचं आहे.

कवठे महांकाळ तालुक्यातल्या बाईला दव म्हणजे काय ते शिकवायला नको. ऑक्टोबर छाटणी झाली, वेल फुटला, की पहाटे उठून पहिल्यांदा पानाला हात लावून बघतात. पान ओलं असलं की घरात चर्चा सुरू होते, आता डाऊनी येणार, आता फवारणी काढावी लागणार. ते दव आकाशातून पडत नाही. ते हवेतच असतं. हवेत न दिसणारा ओलावा असतो आणि रात्री पान गार झालं की तो त्याच्यावर पाणी होऊन बसतो. चष्म्यावर होतं ते अगदी हेच. फक्त इथं ओलावा आपल्या श्वासाचा असतो आणि गार पानाच्या जागी गार काच असते.

नाकातोंडातून निघणारा श्वास साधारण ३४ अंश गरम असतो आणि ओलाव्यानं भरलेला असतो. असा श्वास थेट येऊन आदळला, तर काच ३० अंशांपेक्षा गार असली तरी वाफ धरते. आता पौष महिन्यात सकाळी सात वाजता काच किती गार असते? बाहेर १३-१४ अंश असतील तर काचही तेवढीच. म्हणून वाफ धरणारच. मे महिन्यात हीच काच उन्हानं ३८-४० अंशांवर जाते, म्हणून तेव्हा मास्क लावून फिरलं तरी काही होत नाही. काहीजणींना वाटतं की हिवाळ्यात चष्मा खराब होतो. चष्म्याला काही झालेलं नसतं, काच गार झालेली असते इतकंच.

आता एक प्रश्न. पाणी तर पारदर्शक असतं. मग काचेवर पाणी बसल्यावर दिसेनासं का व्हावं? घरातला काचेचा पेला घ्या. तेलकट हात लागलेल्या पेल्यावर पाणी टाकलं की थेंब थेंब होऊन राहतं. स्वच्छ घासलेल्या पेल्यावर तेच पाणी सरळ पसरतं आणि पेल्याच्या आरपार दिसत राहतं. वाफ धरते तेव्हा काचेवर हजारो बारीक थेंब बसलेले असतात. प्रत्येक थेंब उजेड वेगळ्या दिशेला फेकतो, म्हणून सगळं पांढरं दिसतं. तेच पाणी सपाट पसरलं तर काच ओली असूनही दिसतं. आणि आपल्या चष्म्यावर काय असतं? केसाला लावलेलं खोबरेल, कपाळाचा घाम, पदराचा कळकटपणा. अशा काचेवर पाणी पसरत नाही, त्याचे थेंबच होतात.

म्हणजे करण्यासारख्या गोष्टी दोनच आहेत. एक तर श्वास काचेकडं जाऊच द्यायचा नाही. दुसरं, गेलाच तर त्याचं पाणी थेंब होऊन बसू द्यायचं नाही, पसरू द्यायचं. पहिली गोष्ट आहे बसवण्याची, म्हणजे मास्क, स्कार्फ, हेल्मेट आणि फ्रेम नीट बसवायची. दुसरी आहे काचेला काहीतरी लावण्याची. बाजारात विकायला येतं ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचं असतं. आमचं मत मात्र असं की आधी पहिली गोष्ट करावी, कारण तिला पैसे लागत नाहीत आणि ती जास्त टिकते.

आमच्या गटातल्या एक ताई मिरजेला एका दवाखान्यात कामाला जातात. सकाळी साडेसहाला घर सोडतात. महामार्गानं दुचाकीवर जवळपास तासाभराचा रस्ता. चष्म्याचा नंबर वजा तीन, म्हणजे चष्मा काढला तर समोरच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागं लाल कापड बांधलंय की नाही तेसुद्धा लांबून कळत नाही. थंडीसाठी त्या तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, नाकावरून घेऊन मागं दोन वेढे. त्यावर पूर्ण तोंडाचं हेल्मेट, आणि वारा लागू नये म्हणून हेल्मेटची काच खाली. गाव सोडून दोन किलोमीटर जात नाहीत तोवर चष्मा पांढरा. मग त्या काय करत? एका हातानं हेल्मेटची काच वर करायची आणि दुसऱ्या हातानं गाडी चालवत बोटानं चष्मा पुसायचा. कधी कधी चष्मा काढून सरळ खिशात. समोरून उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, कंटेनर, आणि ही बाई अंदाजानं गाडी चालवते आहे. गटाच्या बैठकीत हे निघालं तेव्हा सगळ्याजणी गप्प झाल्या, कारण तिथल्या निम्म्याजणींनी कधी ना कधी हेच केलेलं होतं.

एका रविवारी सकाळी आम्ही त्यांच्या अंगणातच हे तपासून बघितलं. गाडी स्टँडवर लावली, ताईंना रोजच्यासारखं तयार होऊन बसायला सांगितलं. वाफ धरली, की पुसायची नाही, आधी बघायचं. यात बघण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. पण वाफ कुठून सुरू होते त्यावरून श्वास कुठून येतो ते कळतं. नाकाच्या दोन्ही बाजूंनी, काचेच्या खालच्या आतल्या कोपऱ्यातून वाफ वर चढत असेल, तर श्वास नाक आणि कापड यांच्यामधल्या फटीतून वर येतो आहे. बाहेरच्या कोपऱ्यातून, कानाकडून सुरू होत असेल तर गालावर कापड सैल आहे. काचेच्या आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या, तेही बोट लावून बघायचं. आतल्या बाजूला असली तर ती आपल्या श्वासाची. ताईंच्या चष्म्यावर ती आतून होती आणि नाकाजवळून चढत होती.

कारण स्पष्ट होतं. स्कार्फ नाकावरून घेतला होता आणि हेल्मेटचा हनुवटीकडचा भाग त्या स्कार्फला खालून दाबून धरत होता. श्वासाला खाली जायला वाट नव्हती. वर नाकाच्या हाडाजवळ कापड ताणलेलं राहतं, तिथं दोन्ही बाजूंना करंगळी जाईल एवढी पोकळी होती. म्हणजे चुलीला धुराडं ठेवावं तसं आपणच श्वासाला चष्म्याकडं धुराडं काढून दिलं होतं.

आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलली, म्हणजे कशानं फरक पडला ते कळतं. पहिल्यांदा स्कार्फ नाकावरून खाली घेतला, फक्त गळा आणि हनुवटी झाकली जाईल असा, आणि त्याचं टोक जॅकेटच्या आत खोचलं. एवढ्यानं वाफ अर्ध्याहून कमी झाली. नाकाला गार लागतं ही ताईंची तक्रार रास्त होती. त्यावर हेल्मेटमध्येच तोड निघाली. बऱ्याच पूर्ण हेल्मेटला आत नाकासमोर रबराची किंवा प्लॅस्टिकची एक छोटी पट्टी असते किंवा बसवता येते. ती श्वास खाली ढकलते. ताईंच्या हेल्मेटला ती होती, पण उलटी दुमडून गेलेली. ती सरळ केली. मग हेल्मेटच्या हनुवटीवरचं हवेचं झाकण उघडलं. बऱ्याच हेल्मेटला समोर खाली अशी सरकती खिडकी असते. थंडी म्हणून आपण ती बंद करून टाकतो आणि तिथंच चुकतं, कारण ओला श्वास बाहेर काढायला वाऱ्याची तीच वाट असते. शेवटी हेल्मेटची काच एक खटका वर ठेवली, पूर्ण उघडी नाही, बोटभर.

दुसऱ्या दिवशी त्या मिरजेला जाऊन आल्या. चालत्या गाडीवर चष्मा स्वच्छ राहिला. गाडी थांबली की, म्हणजे चौकात सिग्नलला किंवा गतिरोधकावर रांग लागली की, पुन्हा वाफ येत होती आणि गाडी सुटली की जात होती. हे असंच राहणार. थांबल्यावर वारा नसतो, श्वास हेल्मेटमध्येच साचतो. थांबल्यावर काच पूर्ण वर करायची, निघताना दिसायला लागल्यावरच क्लच सोडायचा किंवा अ‍ॅक्सिलेटर पिळायचा. एवढी सवय लावून घ्यावी लागते.

हेल्मेट आणि चष्मा यांचं आणखी एक भांडण असतं. चष्मा घालून वरून हेल्मेट ओढलं की काड्या वाकतात आणि चष्मा गालावर टेकतो. आधी हेल्मेट घालायचं, मग चष्म्याच्या काड्या सरळ आत सरकवायच्या. फ्रेम गालाला टेकली तर काचेच्या मागची हवा कोंडते आणि ओलावा तिथंच राहतो. चष्म्याच्या दुकानात नाकावरच्या गाद्या थोड्या आत-बाहेर करून देतात आणि काड्याही वाकवून देतात. याला पाच मिनिटं लागतात. पण एक सांगतो, नंबर मोठा असेल तर चष्मा डोळ्यापासून फार पुढं सरकवून घेऊ नका. काच पुढं-मागं झाली की नंबराचा परिणाम बदलतो. दोन नंबरांची काच असेल तर वाचायचा भाग खाली घसरतो. दुकानदाराला सांगायचं, गालाला टेकू नये एवढंच हवंय. आणि हेल्मेट घेताना आयएसआयची खूण बघून घ्या, कारण चष्मा मावावा म्हणून सैल हेल्मेट घेणं हा काही उपाय नव्हे. चष्मेवाल्यांसाठी कानाजवळ खाच असलेली गादी काही हेल्मेटमध्ये मिळते, ती मागून बघावी.

आता साबणाकडं येऊ. आमच्या अंगणातल्या त्या रविवारीच आम्ही हेही केलं होतं, ताईंच्या चष्म्याच्या उजव्या काचेला साबण, डाव्या काचेला काही नाही. स्कार्फ पुन्हा जुन्या पद्धतीनं नाकावर. दोन मिनिटांत डावी काच पांढरी, उजवीतून किंचित पाणी फिरल्यासारखं पण नीट दिसत होतं. तुम्हीही घरी असंच करून बघा, एका काचेला लावा आणि दुसरी तशीच ठेवा, म्हणजे उगाच कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायला नको.

ही युक्ती नवी नाही. इंग्लंडमधल्या शल्यचिकित्सकांच्या रॉयल कॉलेजच्या नियतकालिकात २०११ साली दोन डॉक्टरांनी हीच पद्धत लिहिली होती. ऑपरेशन करताना मास्क काढता येत नाही आणि चष्मा पुसायला हातही रिकामा नसतो, तेव्हा त्यांना तर हे फारच गरजेचं. करायचं असं. आधी चष्मा वाहत्या पाण्याखाली धरायचा, म्हणजे त्यावरची माती निघून जाते. कोरडी माती पदरानं पुसली की काचेवर ओरखडे उठतात आणि ते आयुष्यभर राहतात. मग अर्धा पेला पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब टाकायचा, चष्मा त्यात बुडवायचा, दोन्ही बाजूंनी बोटांनी हलकं चोळायचं. बाहेर काढून झटकायचा. आता पुन्हा पाण्यानं खळाखळा धुवायचा नाही, कारण मग साबणाचा पातळ थर निघून जातो आणि आपल्याला तोच हवा आहे. सावलीत वाळू द्यायचा किंवा धुऊन मऊ झालेल्या सुती कापडानं नुसतं टिपायचं. काच धुरकट दिसली तर साबण जास्त झाला. पुढच्या वेळी पाणी वाढवा.

इथं आपल्या तालुक्याची एक अडचण आहे. बोअरचं पाणी जड असतं. अंगाच्या साबणाची वडी त्या पाण्यात फेसाळत नाही, वर पांढरा साय धरल्यासारखा मळ येतो. तोच मळ काचेवर बसतो आणि वाळल्यावर क्षारांचे डाग पडतात. मग बाई म्हणते, रेडिओवरच्या साबणानं चष्मा खराब झाला. म्हणून वडीपेक्षा लिक्विड बरं, ते जड पाण्यात असा मळ करत नाही. आणि पाणी घ्यायचं ते फिल्टरचं किंवा पावसाचं साठवलेलं, अर्धा पेलाच तर लागतं. भांडी घासायचा बार मात्र अजिबात वापरायचा नाही, त्यात घासणारी पूड असते. कपड्याची पावडरही नको. राख, टूथपेस्ट, लिंबू, यातलं काहीही काचेला लावू नका. आजकाल आपल्या बहुतेक चष्म्यांत काच नसतेच, फायबर असतं, आणि त्यावर अँटीग्लेअरचा पातळ थर असतो. तो एकदा खरवडला की परत येत नाही. कडक पाण्यानंही तो थर तडकतो. हेल्मेटच्या काचेलाही हीच साबणाची रीत चालते, पण तिला पेट्रोल, रॉकेल किंवा थिनर लावून पुसू नका, ती काच ठिसूळ होते.

साबणाचा हा थर किती टिकतो? काही तास. वाफ धरत राहिली की पाण्याबरोबर साबण वाहून जातो. सकाळी जाताना केलं तर संध्याकाळी परतताना पुन्हा करावं लागतं. अँटीग्लेअर काचेवर तर तो आणखी लवकर जातो, कारण त्या काचेचा वरचा थर पाणी झटकून टाकण्यासाठीच केलेला असतो. घाम डोळ्यांत उतरत असेल तर साबण झोंबतो, तेव्हा कमीच लावावा.

मग दुकानातलं काय? तिथं दोन गोष्टी मिळतात. एक फवारा किंवा खास कापड, दुसरी कायमचा वाफरोधक थर दिलेली काच. फवारा आणि कापड साबणाचंच काम करतात, थोडं जास्त वेळ. घेण्याआधी दुकानदाराला विचारा की अँटीग्लेअरवर चालतं का, सगळे चालत नाहीत. २०२२ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी असे नऊ फवारे आणि कापडं तपासली, तेव्हा सगळ्यांत फ्लोरिनची अशी रसायनं सापडली जी निसर्गात लवकर मोडत नाहीत. म्हणून बंद खोलीत तोंडाजवळ फवारू नये आणि लेकरांच्या हाती देऊ नये, एवढं पथ्य ठेवा. कायमच्या थराची काच महाग पडते. नवा चष्मा करायचाच असेल आणि रोजचं काम मास्कचं असेल तर तिचा विचार करावा. पण तिलाही मर्यादा आहे. काही काचांना दर काही दिवसांनी सोबतचं कापड घासावं लागतं, आणि काच तेलकट झाली की हा थर काम करत नाही. ज्या बाईची अडचण फक्त महिनाभर सकाळच्या प्रवासाची आहे, तिनं त्यासाठी पैसे घालू नयेत असं आम्हाला वाटतं.

वाफ पुसायला हात मोकळा नसला तर माणसाची काय दशा होते, याचा एक किस्सा सांगतो. ५ जून १९६६ रोजी यूजीन सर्नन नावाचा अमेरिकन अंतराळवीर जेमिनी ९ यानातून बाहेर पडून दोन तासांहून जास्त वेळ अवकाशात होता. काम इतकं कष्टाचं झालं की घाम आणि श्वास यांचा ओलावा त्याच्या सुटातल्या हवेला बाहेर काढता येईना. हेल्मेटची काच आतून पूर्ण धुरकटली. तिथं काच वर करता येत नाही! त्यानं नाकानं काच घासून एवढंसं भोक केलं आणि त्यातून बघत कसाबसा परत आला. पुढच्या उड्डाणांत बाहेर पडण्याआधी काचेला आतून वाफरोधक द्रावण पुसायला सुरुवात झाली. त्यांचं द्रावण आणि आपला अर्धा पेला पाणी यांचं काम एकच.

मास्कबद्दल थोडं वेगळं बोलू, कारण स्कार्फ खाली घेता येतो, मास्क घेता येत नाही. क्षयरोग्याच्या घरी जाणाऱ्या आशाताईंना तो लावावाच लागतो. २०२० साली उमेद अभियानातल्या गटांनी मास्क शिवले, तुमच्यापैकी अनेकींच्या मशीनवर ते शिवले गेले असतील. घाईत बरेच मास्क नाकाच्या पट्टीशिवाय शिवले गेले आणि चष्मेवाल्यांना ते त्रासाचे झाले. शिवायचेच असतील तर वरच्या काठाला आतून एक बोटभर रुंद नळी शिवा आणि तिच्यात साधारण दहा सेंटिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची चपटी पट्टी सरकवा. दोन्ही टोकं दुमडून घ्या म्हणजे टोचत नाहीत. लोखंडी तार घालू नका, धुतल्यावर गंजते. घालताना ही पट्टी दोन्ही बोटांनी नाकाच्या दोन्ही बाजूंनी खाली दाबत आणायची. एका चिमटीत दाबली की मधे टोक येतं आणि बाजूला फट राहते.

बरोबर बसला का ते कसं कळणार? बोट पाण्यात ओलं करून नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या खाली धरा आणि जोरात श्वास सोडा. बोटाला वारा लागला तर तिथं फट आहे. मास्क नीट बसला असेल तर श्वासाबरोबर त्याचं कापडच आत-बाहेर हलतं. फट राहिलीच तर दवाखान्यात मिळणारी कागदी चिकटपट्टी मास्कच्या वरच्या काठाला, अर्धी मास्कवर आणि अर्धी त्वचेवर लावायची. चष्मा मास्कच्या काठावर टेकवायचा, काठाच्या खाली नाही.

बागेतल्या कामाचं मात्र गणित वेगळं आहे. डिसेंबर-जानेवारीत फवारणीच्या वेळी गार असतं, आणि औषधं कालवायचं काम पुष्कळदा बाईकडंच येतं. गॉगलवर वाफ आली की तो कपाळावर सरकवला जातो, आणि नेमकं तेव्हाच बॅरलमधलं पाणी डोळ्यांत उडतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, हे आपण विसरलेलो नाही. या कामाला नुसता चष्मा पुरत नाही आणि स्कार्फ तर नकोच, तो औषध शोषून तोंडाला लावून ठेवतो. चष्म्यावरून बसेल असा मोठा बंद गॉगल घ्या, ज्याला वरखाली झाकलेली हवेची छिद्रं असतात. थेंब आत जात नाही, हवा मात्र फिरते. ती छिद्रं चिकटपट्टीनं बंद करू नका, नाहीतर वाफ आलीच. आतून साबणाचा हात द्या. मास्क घ्यायचा तो औषधाच्या डब्यावर सांगितलेल्या प्रकारचा, आणि ज्याची श्वास सोडायची झडप समोर किंवा खाली असते असा. झडप श्वास खाली सोडते, डोळ्यांकडं जाऊ देत नाही. तरीही गॉगल पुसायची वेळ आली तर बॅरलपासून लांब जाऊन, हात धुऊन मगच तो काढायचा.

बेदाण्याच्या शीतगृहात काम करणाऱ्या बायकांची तक्रार याच्या उलटी असते. आत असताना काही नाही, दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्मा पांढरा. इथं वाफ बाहेरच्या बाजूनंही असते. काच आत गार झालेली असते आणि बाहेरच्या हवेचा ओलावा तिच्यावर बसतो. इथं मास्क कितीही घट्ट केला तरी उपयोग नाही. दारात उभं राहायचं, दोन मिनिटांत काच तापते आणि वाफ आपोआप जाते. हातात खोकी असतील तर पायऱ्या उतरण्याआधी थांबायचं. स्वयंपाकघरात भाताचं झाकण काढल्यावरही हेच होतं, आणि तेही असंच जातं.

आता शेवटची गोष्ट, आणि ही आम्हाला सगळ्यात जास्त सांगावीशी वाटली. आमच्याकडच्या एक मावशी वर्षभर म्हणत होत्या की चष्म्यावर धुकं येतंय. सून रोज चष्मा धुऊन देई, तरी धुकं जाईना. गटात कुणीतरी म्हणालं, मावशी, चष्मा काढून बघा. काढला तरी धुकं तसंच होतं. ते काचेवर नव्हतंच, डोळ्यात होतं. मोतीबिंदू. तेव्हा वाफ कुठली ते ओळखायची सोपी खूण लक्षात ठेवा. काचेवरची वाफ बोटानं पुसली जाते आणि काच तापली की दोन-तीन मिनिटांत जाते. चष्मा काढून, डोळे मिचकावूनही पांढरट दिसत असेल, रात्री गाड्यांच्या दिव्यांभोवती उजेड पसरत असेल, नंबर बदलूनही फरक पडत नसेल, तर डोळे तपासून घ्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत मोफत होते. आणि हे धुकं एकाएकी आलं, सोबत डोळा लाल झाला, ठणकू लागला, डोकं दुखून उलटी झाली, तर तो काचबिंदूचा झटका असू शकतो. तेव्हा उद्या सकाळच्या एसटीची वाट बघायची नाही, मिळेल त्या गाडीनं त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचं.